आखाजीची घागर, पारशांचा मुक्ताद आणि तापीचा काठ : सुरतेत पूर्वजांची आठवण कशी ठेवली जाते?

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत एप्रिलच्या शेवटी-मेच्या सुरुवातीला फिरलं, तर हातगाड्यांवर मातीच्या लाल घागरी, खरबुजं आणि आंबे शेजारी शेजारी दिसतात. सुरतकरांना वाटतं, उन्हाळा आहे म्हणून माठ विकायला आले. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या माणसाला मात्र लगेच कळतं, आखाजी आली. उर्वरित महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. खान्देशात मात्र हा आधी पितरांचा दिवस आणि मग बाकी सगळं.

पूर्वजांच्या स्मरणाचे विधी जगात सगळीकडे आहेत. ते मेलेल्यांसाठी असतात असं आपण म्हणतो, पण जवळून पाहिलं तर त्यातली बहुतेक व्यवस्था मागे राहिलेल्यांसाठी असते. कोणाचं नाव घ्यायचं, कोणत्या दिवशी घ्यायचं आणि किती काळ घ्यायचं, या तीन गोष्टी विधी ठरवून देतो. दुःख झालेल्या घरात हेच तीन प्रश्न सुटत नसतात. सुरतेत खान्देशी आणि पारशी अशा दोन समाजांच्या रीती एकाच गावात पाहायला मिळतात, त्यामुळे हे नीट समजून घेता येतं.

घागर कशी भरतात

आखाजीला नवी कोरी मातीची घागर आणतात. गावाकडे कुंभार ती घरी आणून द्यायचा आणि बदल्यात धान्य न्यायचा. सुरतेत ती बाजारातून विकत येते, एवढाच फरक. घागर धुऊन तीत पाणी भरतात. काही घरांत पाण्यात वाळा टाकतात. घागरीवर खरबूज ठेवतात, ज्याला खान्देशात डांगर म्हणतात. सोबत आंबा आणि सांजोरी असते. हळदकुंकू वाहून पूजा होते. स्वयंपाक पुरणपोळी आणि आमरसाचा. अनेक घरांत जुनी माणसं पितरांना आंबा दाखवल्याशिवाय त्या सालचा आंबा तोंडात घालत नाहीत.

मग आगारी. पेटलेल्या गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा घास टाकायचा आणि पितरांची नावं घ्यायची. गावात हे चुलीपुढे होतं. सुरतेच्या खोलीत चूल नसते, म्हणून गोवरीचा तुकडा गॅसवर पेटवून लोखंडी घमेल्यात किंवा तव्यावर ठेवतात आणि आगारी गॅलरीत किंवा दारात देतात. गाय आणि कावळ्यासाठी पान वेगळं काढतात. काही घरांत भाऊबंदकीतल्या किंवा शेजारच्या एखाद्याला पितर म्हणून पाटावर बसवून आधी जेवू घालतात.

पाण्याने भरलेली घागर का, याचं उत्तर ऋतूत आहे. वैशाखात खान्देशात ऊन ४२-४३ अंशांच्या पुढे जातं. अशा दिवसांत जी गोष्ट जिवंत माणसाला सगळ्यात जास्त हवी, तीच पितरांच्या नावाने द्यायची. धर्मशास्त्रात याला उदककुंभदान म्हणतात. दान म्हणजे घागर पुढे कुणालातरी प्यायला गेलीच पाहिजे. नुसती पूजून ठेवली तर अर्धं काम झालं.

पहिल्या वर्षाची घागर वेगळी

वर्षभरात घरात कोणी गेलं असेल, तर त्या माणसाच्या नावाने पहिल्या आखाजीला वेगळं भांडं पुजतात. या लहान घागरीला खान्देशात डेरगं म्हणतात. त्या वर्षी सणाचा गोडवा नसतो. माहेरवाशिणी येतात, पण झोके आणि गाणी त्या घरात होत नाहीत. पुढच्या वर्षापासून त्या माणसाचं नाव बाकीच्या पितरांमध्ये जातं आणि वेगळं डेरगं बंद होतं.

यामागे जुनी कल्पना अशी, की माणूस गेला की लगेच पितर होत नाही. मधल्या काळात तो प्रेत असतो, म्हणजे घर सुटलं पण पुढचं ठिकाण मिळालं नाही अशा स्थितीत. त्याला पितरांत सामील करायचा विधी म्हणजे सपिंडीकरण. त्यात चार पिंड असतात. एक गेलेल्या माणसाचा आणि तीन त्याच्या बापाचा, आजोबाचा आणि पणजोबाचा. गेलेल्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्या तीन पिंडांत मिसळतात. मूळ नियम वर्ष झाल्यावर करायचा. आता बहुतेक ठिकाणी बाराव्या दिवशी उरकतात.

या मिसळण्याचा एक परिणाम सहसा कोणी बोलून दाखवत नाही. श्राद्धात पिंड तीनच पिढ्यांना मिळतात. नवा माणूस रांगेत आला की वरचा एक बाहेर पडतो. कालपर्यंत मुलगा ज्यांचं नाव बापाकडून ऐकत होता, त्या खापरपणजोबाला यापुढे स्वतंत्र पिंड नाही. तो सगळ्या पितरांत विरून गेला. म्हणजे विधी फक्त आठवायला सांगत नाही, कोणाला सोडायचं तेही सांगतो. आठवण ठेवायचं ओझं पिढ्यानपिढ्या वाढत जात नाही. साधारणपणे जितक्या पिढ्या कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात, तितक्यांचीच जबाबदारी जिवंत माणसावर राहते.

खान्देशातल्या सगळ्याच घरांत भटजी आणि पिंड असतात असं नाही. अनेक समाजांत भाऊबंदच विधी करतात, आगारी हाच मुख्य भाग असतो. पण पहिलं वर्ष वेगळं आणि नंतर सगळ्यांत मिसळायचं, ही रचना तिथेही तीच आहे.

जपानमध्ये ओबोन हा पूर्वजांचा सण बहुतेक भागांत १३ ते १६ ऑगस्टला होतो. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या ओबोनला तिथे वेगळं नाव आहे, हात्सुबोन. त्या वर्षी घराबाहेर पांढरा कंदील लावतात, एरवी रंगीत चालतो. मृत्यूनंतरचे ४९ दिवस पुरे झाले नसतील, तर पहिलं ओबोन पुढच्या वर्षावर जातं. खान्देशाचा आणि जपानचा काही संबंध नाही. तरीही दोन्हीकडे नव्या दुःखाला वेगळी खूण दिली आणि एका वर्षात ती काढूनही घेतली.

तारीख कुठे चुकते

सुरतेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा खरा घोळ होतो तो तिथीत. श्राद्ध इंग्रजी तारखेवर नाही, तिथीवर असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सुरतेच्या एकाच चाळीत मराठी, गुजराती, उत्तर भारतीय अशी सगळी घरं असतात आणि कॅलेंडरही वेगवेगळी. मराठी आणि गुजराती पंचांगात महिना अमावस्येला संपतो. उत्तर भारतातल्या हिंदी पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचं नाव सगळीकडे सारखं असतं, पण वद्य पक्षात हिंदी पंचांग एक महिना पुढचं नाव सांगतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला असते, हिंदी पंचांगात तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी. आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यात, त्यांच्याकडे आश्विन कृष्णात. दिवस एकच, नावं दोन.

एक उदाहरण घेऊ. समजा, पांडेसऱ्यातल्या एका घरात वडील १६ ऑगस्ट २०२५ ला दुपारी वारले. त्या वेळी श्रावण वद्य अष्टमी चालू होती. शेजाऱ्याने मोबाईलवर हिंदी पंचांग पाहून सांगितलं, भाद्रपद कृष्ण अष्टमी, आणि मुलाने वहीत तेवढंच लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी तो मराठी कॅलेंडरमध्ये भाद्रपद वद्य अष्टमी शोधतो. ती सापडते ऑक्टोबर २०२६ च्या सुरुवातीला, म्हणजे पितृपक्षात. खरं वर्षश्राद्ध येतं गोकुळाष्टमीलाच, ४ सप्टेंबर २०२६ ला. पूर्ण एका महिन्याची चूक झाली. आणि तिथी पितृपक्षात पडल्यामुळे ती चूक आहे असं कोणाला वाटतही नाही.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. मृत्यू पौर्णिमा ते अमावस्या या पंधरवड्यात झाला असेल, तरच महिन्याचं नाव तपासायची गरज. मराठी कॅलेंडरमध्ये त्या मूळ तारखेचं पान काढून बघायचं. तिथे छापलेला महिना हाच आपला.

१६ ऑगस्टवरून ४ सप्टेंबर, म्हणजे १९ दिवसांचा फरक का पडला, हाही प्रश्न विचारला जातो. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून एरवी तिथी मागे सरकते. २०२४ ची सर्वपित्री अमावस्या २ ऑक्टोबरला होती, २०२५ ची २१ सप्टेंबरला. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि एक महिना वाढला, म्हणून त्यानंतरच्या सगळ्या तिथी पुढे ढकलल्या गेल्या.

वेळही लिहून ठेवावी लागते. त्याच १६ ऑगस्टला रात्री साडेनऊच्या सुमारास अष्टमी संपून नवमी लागली. दुपारी गेलेल्याची तिथी अष्टमी, रात्री अकराला गेलेल्याची नवमी. दवाखान्याच्या दाखल्यावर वेळ असते, तो कागद जपून ठेवला तर पुढे वाद होत नाहीत.

तिथी माहीतच नसेल तर सर्वपित्री अमावस्या असते. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. पंधरवड्यात अशा जागा मुद्दाम ठेवल्या आहेत, म्हणजे माहिती अपुरी असली तरी कोणी बाहेर राहत नाही. पहिल्या वर्षीच्या पितृपक्षात करायचं की वर्षश्राद्ध झाल्यावरच सुरू करायचं, यावर मात्र घराघरात वेगळा रिवाज आहे. तिथे गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारलेलं बरं.

सुरतेचे पारशी आणि एका महिन्याचा वाद

महिन्याच्या फरकावरून सुरतेत एक समाज खरोखरच दोन भागांत वाटला गेला आहे. पारशांचं वर्ष ३६५ दिवसांचं, ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी गाथांचे पाच दिवस. अठराव्या शतकात इराणहून आलेल्या दस्तुर जामास्प यांच्या लक्षात आलं, की हिंदुस्थानातल्या पारशांचं पंचांग इराणच्या पंचांगापेक्षा एक महिना मागे आहे. यावरून सुरतेत बरीच वर्षं वाद चालला. १७४५ मध्ये एका गटाने इराणी गणना धरली. ते कदमी. जुनी गणना ठेवणारे शहेनशाही. पुढे १८२३ मध्ये सुरतेत दोन आतशबेहराम उभे राहिले, शहेनशाहींचा मोदी आणि कदमींचा वकील, तेही काही दिवसांच्या अंतराने.

बाहेरच्या माणसाला हा वाद कॅलेंडरचा वाटेल. पण वर्षाचे शेवटचे दहा दिवस पूर्वजांचे असतात आणि प्रार्थनेत महिन्याचं नाव घ्यावं लागतं. चुकीच्या दिवशी बोलावलं तर आपली माणसं येतील का, हा प्रश्न त्या लोकांसाठी खरा होता.

या दहा दिवसांना मुक्ताद म्हणतात. शहेनशाहींचा मुक्ताद ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, कदमींचा त्याच्या महिनाभर आधी. श्रद्धा अशी की या दिवसांत गेलेल्यांचे फ्रवशी, म्हणजे त्यांचं रक्षण करणारं दैवी रूप, घरी परततात. आधी घर घासूनपुसून स्वच्छ करतात. संगमरवरी टेबलावर चांदीचा किंवा जर्मन सिल्व्हरचा फुलदाण मांडतात, एका माणसाच्या नावाने एक. त्यातलं पाणी आणि फुलं रोज बदलतात. दस्तुरजी आफ्रिंगान, बाज, सतूम अशा प्रार्थना करतात आणि प्रत्येकाचं नाव उच्चारतात. शेवटच्या रात्री निरोप दिला की दुसऱ्या दिवशी नवं वर्ष.

अवेस्तामधल्या फरवर्दीन यश्त या स्तोत्रात हे फ्रवशी दहा रात्री फिरतात आणि विचारतात, की आमची स्तुती कोण करील, आम्हाला अन्न-वस्त्र कोण देईल, आमच्यापैकी कोणाचं नाव घेतलं जाईल. मागणी मोठी नाही. नाव घ्या, एवढीच.

पूर्वी मुक्ताद घरोघरी होत असे. आता बहुतेक ठिकाणी फुलदाण अग्यारीत ठेवतात. घरं लहान झाली, सोवळं पाळणं अवघड झालं आणि प्रार्थना करणारे मोबेद कमी उरले. घरचे जोवर त्या नावाची नोंद करतात, तोवर फुलदाण लागतो. नोंद थांबली की त्या माणसाचं स्वतंत्र नाव थांबतं आणि सगळ्यांसाठी होणाऱ्या सामायिक प्रार्थनेत त्याची जागा राहते. पिंडांच्या तीन पिढ्या नियमाने थांबतात, इथे घरातलं माणूस संपलं की थांबतं. शेवटी दोन्ही वाटा सामायिक आठवणीकडेच जातात.

नदी एकच

खान्देशी कुटुंबाचा प्रश्न मात्र पारशांपेक्षा वेगळा आहे. पारशांचं स्मरणाचं ठिकाण सुरतेतच आहे. खान्देशी माणसाचं गावी. उधना ते जळगाव ही रेल्वे बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर अशी जाते आणि नवापूरच्या फलाटावर तर गुजरात संपून महाराष्ट्र सुरू होतो. सुरतेत वारलेल्या माणसाचा अंत्यविधी बऱ्याचदा इथेच होतो, तापीकाठच्या अश्विनीकुमारला. अस्थी घेऊन काही जण नाशिकला रामकुंडावर जातात, काही नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशाला. प्रकाशा तापी-गोमाईच्या संगमावर आहे, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. प्रकाशाला सोडलेलं पाणी उकाई धरणातून पुढे सुरतेलाच येतं. नदीच्या दृष्टीने वरचा आणि खालचा घाट एवढाच फरक.

पण माणसांच्या दृष्टीने फरक आहे. शास्त्राप्रमाणे भाऊ एकत्र असतील तर थोरला सगळ्यांतर्फे श्राद्ध करतो आणि वाटण्या झाल्या असतील तर वार्षिक श्राद्ध प्रत्येकाने वेगळं करायचं. एक भाऊ गावी शेतीवर आणि एक सुरतेत लूमवर, जमीन अजून सामायिक, अशा घरात नेमकं काय धरायचं? दोन्हीकडे घागर भरली तर भाऊ वेगळे झाले असा अर्थ गावात काढला जातो. फक्त गावी भरली तर सुरतेतल्या मुलांना आजोबांचं नाव कधी ऐकायलाच मिळत नाही. बऱ्याच घरांनी यावर मधला मार्ग काढला आहे. श्राद्ध आणि पहिल्या वर्षाचं डेरगं गावी, थोरल्या घरी. सुरतेत फक्त आगारी आणि पाण्याची घागर. मान गावाकडे राहतो आणि नाव इकडेही घेतलं जातं.

गावी जायला सुट्टी न मिळणं ही दुसरी अडचण. खान्देशात शेतावरच्या सालदाराचं साल आखाजीला संपून नवं सुरू होतं, म्हणून तो दिवस कामातूनही मोकळा असे. सुरतेच्या कारखान्याचं वेळापत्रक दिवाळीभोवती फिरतं. आखाजीला पाळी सुटत नाही. त्यामुळे आगारीची वेळ बदलते, रात्रपाळीवाल्याच्या घरी ती सकाळी तो परतल्यावर होते. यात दोष मानायचं कारण नाही, दिवस पाळला गेला तर घरच्यांचं समाधान होतं.

न भरून येणारी गोष्ट म्हणजे नावं. आगारी देताना बाप-आजोबांची नावं आठवतात, पण आजी-पणजीचं नाव अनेकांना येत नाही. ती कायम अमक्याची आई म्हणूनच ओळखली गेलेली असते. शास्त्रात आई, आजी, पणजी या तिघींनाही पिंड आहे आणि आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांनाही. नाव माहीत नसेल तर नात्यावर भागवतात. पण ज्या घरात सत्तरीच्या पुढचं एक तरी माणूस आहे, तिथे ती नावं अजून मिळू शकतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही, पूर्वी कोणी घरातून गेलं असेल तर, गाव आणि आडनावावरून वंशावळ सापडते.

त्यासाठी एक पान पुरतं. गेलेल्याचं पूर्ण नाव, बाईचं असेल तर माहेरचं नाव आणि गावही. इंग्रजी तारीख आणि वेळ. तिथी, पक्ष, महिना आणि पुढे ‘मराठी पंचांगाप्रमाणे’ हे दोन शब्द. अस्थी कुठे सोडल्या ते ठिकाण. आणि श्राद्ध कोणत्या भावाकडे असतं ते. या पानाची एक प्रत गावी आणि एक सुरतेत राहिली, तर पुढच्या पिढीला आगारीपुढे बसल्यावर कोणाला फोन करावा लागणार नाही.